फाउंडेशनमधल्या एसपीएफवर किती विसंबायचे?

मे महिन्याच्या मध्यास सोलापूर जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्याखालीच लपते. त्या काळात मोडनिंबच्या चौकात एसटीची वाट पाहणाऱ्या बायका चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून उभ्या असतात. त्यांच्यातल्याच एखादीच्या पर्समध्ये आता फाउंडेशनची बाटलीही असते आणि तिच्यावर ‘एसपीएफ १५’ किंवा ‘एसपीएफ २०’ असे छापलेले असते. मॉइश्चरायझरच्या ट्यूबवरही तसेच. मग वेगळे सनस्क्रीन घ्यायचे कशाला, हा प्रश्न साहजिकच पडतो.

बाटलीवरचा आकडा खोटा नसतो, पण त्याला एक अट असते आणि ती बाटलीवर लिहिलेली नसते. एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम क्रीम पसरतात. त्या थरातून त्वचा लाल व्हायला किती पट जास्त किरण लागतात, तो हा आकडा. म्हणजे एसपीएफ १५ असेल तर त्वचा भाजणाऱ्या किरणांचा सुमारे पंधरावा हिस्सा आत पोहोचतो. थर पातळ झाला की हा हिशेब कोसळतो. घरी लोक साधारणपणे या मापाच्या पाव ते निम्मेच क्रीम लावतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

आता फाउंडेशनचा हिशेब मांडून पाहू. समजा, मोडनिंबमधली एक शिक्षिका रोज स्कूटीवरून शेजारच्या गावातील शाळेत जाते. तिची ३० मिलीची फाउंडेशनची बाटली तीन महिने पुरते. ३० मिली म्हणजे ढोबळमानाने ३० ग्रॅम. ते ९० दिवसांत वाटले तर दिवसाला साधारण एक तृतीयांश ग्रॅम होते. फक्त चेहऱ्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरले, तरी चाचणीतल्या मापाने ०.८ ग्रॅम लागते. म्हणजे ती निम्म्याहूनही कमी लावते, आणि मान व कान या हिशेबात आलेलेच नाहीत. पूर्ण मापाने लावले तर तीच बाटली ३७-३८ दिवसांत संपेल. पण तेवढे फाउंडेशन थापले तर चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसेल, म्हणून कोणी लावत नाही. अडचण इथेच आहे. फाउंडेशन रंग एकसारखा दिसावा म्हणून लावतात आणि ते जितके पातळ तितके शोभते. एसपीएफला मात्र जाड थर हवा असतो.

एवढ्या मापात एसपीएफ १५ चे काय होते? संरक्षण थराच्या प्रमाणातच घटते असे धरले, तर ते ६ च्या आसपास येते. काही प्रयोगांत घसरण याहून तीव्र दिसली. त्या हिशेबाने ते ३ पर्यंत खाली जाते. म्हणजे पंधराव्या हिश्शाऐवजी सहावा, कदाचित तिसरा हिस्सा किरण आत येतात. खाली एसपीएफ १५ चे मॉइश्चरायझर असले, तरी दोन्हींची बेरीज ३० होत नाही. दोन पातळ थर एकापेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल.

मॉइश्चरायझरचे दुखणे थोडे वेगळे आहे. ते चेहऱ्यावर सगळीकडे सारखे पोहोचत नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८४ जणांना एकदा एसपीएफ असलेले मॉइश्चरायझर आणि एकदा सनस्क्रीन लावायला सांगितले. मग अतिनील प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे पाहिले. सनस्क्रीन लावताना चेहऱ्याचा सुमारे ११ टक्के भाग सुटला होता, तर मॉइश्चरायझर लावताना जवळजवळ १७ टक्के. पापण्यांचा भाग मॉइश्चरायझरच्या वेळी सुमारे २१ टक्के कोरडा राहिला आणि आपले काही सुटले आहे, हे लावणाऱ्यांना कळलेही नव्हते.

गोऱ्या कातडीच्या देशात कमी पडलेले सनस्क्रीन संध्याकाळी लाल, जळजळत्या चेहऱ्यातून कळते. आपल्या सावळ्या त्वचेवर तसे लगेच काही दिसत नाही. त्यामुळे एसपीएफ असलेले फाउंडेशन पुरते आहे, असा समज वर्षानुवर्षे टिकतो. नुकसान दिसते ते गालांवर आणि कपाळावर गडद होत जाणाऱ्या वांगाच्या रूपात. शिवाय एसपीएफ प्रामुख्याने त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांविषयी सांगतो. खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी पाकिटावर ‘पीए’ आणि अधिकची चिन्हे असतात. यूव्हीए किरण साध्या काचेतून आत येतात, म्हणून खिडकीशेजारी बसून काम करणाऱ्याचीही त्यांच्यापासून सुटका नसते.

फाउंडेशनच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. त्याच्या रंगातील आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवते, आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन ते फारसे करत नाही. सावळ्या त्वचेवरील वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो, त्यामुळे वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन किंवा सनस्क्रीनवर फाउंडेशन उपयोगी ठरते. पण सनस्क्रीनची जागा फाउंडेशनला घेता येत नाही.

मग त्या शिक्षिकेने काय करावे? सकाळी मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, शेवटी फाउंडेशन, हा क्रम योग्य. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० आणि पीए+++ असलेले घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन पट्ट्या काढल्या की साधारण एक ग्रॅम होते. चेहरा आणि मान यांसाठी एवढे लागते. एका दमात चिकट वाटले तर दोनदा लावावे. ते मुरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर फाउंडेशन घासताना खालचा थर सरकतो. पापण्या, डोळ्यांचे कोपरे, कान आणि मानेची मागची बाजू आठवणीने घ्यावी.

उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे लागते. मेकअप केलेल्या चेहऱ्यावर हे अवघडच असते. दुपारी शाळा सुटल्यावर घरी यायचे असेल तेव्हा स्कार्फ, रुंद काठाची टोपी किंवा छत्री जास्त भरवशाची, कारण घट्ट विणीचे कापड घामाने वाहून जात नाही.

एसपीएफचे मॉइश्चरायझर कधी पुरते? दिवस घरात, खिडकीपासून दूर जाणार असेल आणि बाहेरचे काम पाच-दहा मिनिटांचे असेल तर. तेही सढळ हाताने लावले असेल तर. शेवटी आकडा सारखा आणि थरही सारखा असेल, तर त्यावर मॉइश्चरायझर लिहिले की सनस्क्रीन, याने यूव्हीबी किरणांना फरक पडत नाही.

आपण किती लावतो, हे जाणून घ्यायला प्रयोगशाळा नको. ट्यूब उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहावी. चेहरा, मान आणि कान मिळून दिवसातून एकदा पूर्ण मापाने लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब सुमारे ४० दिवसांत संपते. ती चार महिने पुरली असेल, तर पाकिटावरच्या संरक्षणाचा फार थोडा भाग चेहऱ्यापर्यंत पोहोचला आहे. मग ती ट्यूब सनस्क्रीनची का असेना.