तीन चाचण्या आणि एकवीस दिवस

गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाने रक्त दिले. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन भेटून जा." फोनवर कारण सांगितले नाही, आणि ते सांगायचेही नसते. भेटायला गेल्यावर कळले, की त्याच्या रक्ताची एचआयव्हीची एलायझा चाचणी 'रिॲक्टिव्ह' आली आहे. हा तरुण कल्पित आहे, पण त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक पायरी रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते. त्याच्या मागोमाग गेलो की एचआयव्हीचे निदान प्रत्यक्षात कसे होते ते नीट समजते.

रक्तपेढीने त्याची पिशवी टाकून दिली, आणि तिने तेच करायचे असते. रुग्णाला चढवायच्या रक्तात शंकेला जागा नको, म्हणून तिथे एकच चाचणी करतात आणि ती रिॲक्टिव्ह आली की पिशवी बाद. ही चाचणी मुद्दाम जास्त संशयी बनवलेली असते. एकही बाधित रक्त तिच्या हातून निसटू नये, मग त्यापायी काही निरोगी रक्त वाया गेले तरी चालेल, असा तिचा हिशेब असतो. पिशवीच्या बाबतीत हा हिशेब चोख आहे, माणसाच्या बाबतीत नाही. म्हणूनच रक्तपेढीने त्या तरुणाला 'तुला एचआयव्ही आहे' असे म्हटले नाही. चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवले.

इथे थोडे गणित करून पाहू. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण 0.2 टक्के मानले जाते. म्हणजे 10,000 लोक तपासले तर त्यांतले सुमारे 20 जण बाधित असतील. चाचणी उत्तम आहे, या विसांपैकी जवळजवळ सगळे ती पकडते, आणि निरोगी माणसांपैकी 98 टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते, असे धरू. ऐकायला हे झकास वाटते. पण निरोगी माणसे 9,980 आहेत, आणि त्यांच्यातले दोन टक्के म्हणजे जवळपास 200 जण. या 200 जणांना विषाणू नसतानाही चाचणी रिॲक्टिव्ह येईल. एकूण रिॲक्टिव्ह 220, त्यांत खरे बाधित 20. अकरात एक. एवढ्या चांगल्या चाचणीच्या एकाच निकालावर विसंबलो, तर दहा निरोगी माणसांच्या आयुष्यावर वरवंटा फिरवून एक खरा रुग्ण सापडेल.

आता त्या 220 जणांची दुसरी, वेगळ्या बनावटीची चाचणी करा. 200 निरोगींपैकी पुन्हा दोनच टक्के चुकतील, म्हणजे 4. तिसरी केली की चुकीचा निकाल एकाच्याही आत येतो, आणि खरे बाधित 20 मात्र तसेच राहतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, पद्धतीत लक्षणे नसलेल्या माणसाला बाधित ठरवण्यासाठी तीन चाचण्या लागतात, त्यामागे हे गणित आहे.

या गणिताला एक अट आहे. तिन्ही चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. चाचणीच्या किटवर विषाणूतल्या प्रथिनांचे नमुने बसवलेले असतात आणि रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, त्यांना चिकटतात. पण शरीरात हजार कारणांनी तयार झालेल्या प्रतिपिंडांपैकी एखादे भलतेच प्रतिपिंडही तिथे चिकटू शकते. गर्भारपण, शरीराने स्वतःवरच उलटल्यामुळे होणारे आजार, नुकतीच घेतलेली एखादी लस, मलेरिया, अशा कितीतरी परिस्थितींत हे दिसले आहे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. असे भलते प्रतिपिंड त्याच किटवर दहा वेळा तपासले तर दहाही वेळा चिकटेल. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवरची प्रथिने किंवा चाचणीचे तत्त्व वेगळे असावे लागते. "खात्री करायला पुन्हा तीच टेस्ट केली, तरी पॉझिटिव्हच आली" असे कुणी सांगितले, तर खात्री काहीच झालेली नाही.

आपल्या तरुणाकडे येऊ. आयसीटीसीत आधी समुपदेशक भेटल्या. चाचणी कसली, निकाल काय काय येऊ शकतात हे सांगून त्यांनी त्याची संमती घेतली. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमती आणि गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. मग तंत्रज्ञाने रक्त घेतले. पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली असती, तर अहवाल 'निगेटिव्ह' देऊन काम तिथेच थांबले असते. ती रिॲक्टिव्ह आली, म्हणून त्याच रक्तावर दुसरी आणि तिसरी केली. दुसरी नॉन-रिॲक्टिव्ह. तिसरीवर रेघ उमटली, फिकट, पण उमटली. फिकट रेघ ही रेघच धरायची, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता आहे. मात्र ती किटवर दिलेल्या वेळेतच वाचावी लागते. पट्टी तशीच पडून राहिली की ती वाळता वाळता खोटी रेघ दिसू लागते. आणि नियंत्रणाची रेघ मुळात उमटलीच नसेल, तर त्या किटचा निकाल रद्द समजून नवे किट घ्यायचे.

तिन्ही रिॲक्टिव्ह असत्या तर निदान झाले असते. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह असत्या तर अहवाल निगेटिव्ह गेला असता. इथे दोन म्हणतात आहे, एक म्हणते नाही. अशा वेळी दोनास एक असे बहुमत घेऊन चालत नाही. अहवालावर 'अनिर्णित' लिहिले जाते आणि 14 ते 28 दिवसांनी नवे रक्त घेऊन तिन्ही चाचण्या पुन्हा होतात. समुपदेशकांनी त्याला एकविसाव्या दिवसाची तारीख दिली.

थांबायचे कशासाठी, हे समजले नाही तर हे दिवस छळासारखे वाटतात. संसर्गानंतर पहिले आठ-दहा दिवस विषाणू रक्तात कुठल्याच चाचणीला सापडत नाही. मग आधी त्याचा जनुकीय अंश दिसू लागतो, तो नॅट नावाच्या महागड्या चाचणीला कळतो. आणखी काही दिवसांनी विषाणूच्या गाभ्यातले पी-24 हे प्रथिन दिसते. नव्या एलायझा चाचण्या ते पकडतात. प्रतिपिंडे यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आणि केवळ प्रतिपिंडांवर चालणाऱ्या रॅपिड चाचण्यांबाबत पुरती खात्री हवी असेल तर तीन महिने धरावे लागतात. संसर्ग आहे पण चाचणीला दिसत नाही, असा हा मधला काळ म्हणजे विंडो पिरियड. तो प्रत्येक चाचणीचा वेगळा असतो, म्हणून 'विंडो पिरियड किती?' या प्रश्नाला 'कुठल्या चाचणीचा?' असा उलट प्रश्न विचारावाच लागतो.

समुपदेशकांनी त्या तरुणाला दार बंद करून विचारले, तेव्हा त्याने सांगितले की रक्तदानाच्या साधारण तीन आठवडे आधी असुरक्षित संबंध आला होता. आता दोन शक्यता उरल्या. संसर्ग नुकताच झाला असेल आणि प्रतिपिंडे आता कुठे तयार होत असतील, म्हणून एका किटला दिसतात आणि दुसऱ्याला नाही. किंवा संसर्ग नाहीच, काही भलते प्रतिपिंड चिकटते आहे. आजच्या रक्तात या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. त्यांच्यातला फरक फक्त काळाला कळतो. खरा संसर्ग असेल तर दोन-तीन आठवड्यांत प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात, फिकट रेघ ठळक होते, मागे राहिलेली चाचणीही रिॲक्टिव्ह होते. खोटी प्रतिक्रिया असेल तर ती महिनोन्‌महिने आहे तिथेच राहते, किंवा विरते.

या दिवसांत त्याने रक्त द्यायचे नव्हते, संबंधात निरोध वापरायचा होता आणि ओळखीच्या कुणाकडून एचआयव्हीच्या गोळ्या आणून खायच्या नव्हत्या. शेवटची सूचना मला फार महत्त्वाची वाटते. संसर्ग टाळण्यासाठीची औषधे 72 तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायची असतात. नंतर भीतीपोटी परस्पर घेतलेल्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, प्रतिपिंडे उशिरा किंवा कमी तयार होतात, आणि अनिर्णित निकाल आणखीच अनिर्णित होतो.

घरच्यांपैकी कुणीतरी अशा वेळी "वेस्टर्न ब्लॉट करून टाका, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल" असे सांगतेच. अनेक वर्षे हीच खात्रीची चाचणी मानली जात होती. तिच्यात विषाणूची प्रथिने पट्टीवर वेगवेगळी मांडलेली असतात आणि कुठल्या प्रथिनाशी प्रतिपिंडे जुळली ते पट्ट्यांवरून दिसते. विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनांच्या दोन पट्ट्या दिसल्या तर पॉझिटिव्ह, एकही नाही तर निगेटिव्ह, आणि नुसती पी-24 ची पट्टी दिसली तर पुन्हा अनिर्णितच. शिवाय ती नव्या चाचण्यांपेक्षा उशिरा जागी होते. नेमक्या ताज्या संसर्गातच ती गोंधळ वाढवते, म्हणून 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशांना तिचा वापर सोडून रॅपिड व एलायझा चाचण्यांच्या क्रमावर भर द्यायला सांगितले. आपल्याकडे दुसऱ्या नमुन्यानंतरही कोडे सुटले नाही, तर रक्त संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवतात.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ऑपरेशनच्या आधी एका खासगी लॅबमध्ये एकच कार्ड टेस्ट केली जाते आणि छापील अहवालावर ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' उमटते. तो कागद रुग्णाआधी नातेवाइकांच्या हातात पडतो. असा कागद घेऊन आलेल्या एका बाळंतिणीला मी पाहिले आहे. आयसीटीसीत तिच्या पुढच्या दोन्ही चाचण्या नॉन-रिॲक्टिव्ह आल्या आणि अहवाल निगेटिव्ह मिळाला, पण मधल्या चार दिवसांत सासरच्यांनी बाळाला तिच्या अंगावर पाजू दिले नव्हते. त्या कागदावर 'रिॲक्टिव्ह, पुढील तपासणी आवश्यक' एवढे चार शब्द असते, तर हे झाले नसते.

एकविसाव्या दिवशी तो तरुण परत आला. नवी नळी, तिच्यावर नवा क्रमांक, कारण कधीकधी सगळा घोळ नळ्यांची अदलाबदल झाल्याने झालेला असतो. पहिली चाचणी पुन्हा रिॲक्टिव्ह, आधीइतकीच फिकट. दुसरी नॉन-रिॲक्टिव्ह. तिसरीवर या वेळी रेघ उमटली नाही. धोक्याच्या प्रसंगाला आता सुमारे दीड महिना उलटून गेला होता. संसर्ग असता, तर एव्हाना तिन्ही रेघा ठळक व्हायला हव्या होत्या. अहवाल निगेटिव्ह दिला गेला. तरी तीन महिने पुरे व्हायचे होते, म्हणून समुपदेशकांनी रजिस्टरमध्ये आणखी एक तारीख लिहिली आणि तीच तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिली.