कोल्हापुरापासून लोणी देवकरपर्यंत

पुणे–सोलापूर महामार्गावर, भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाताना लोणी देवकर लागते. इथल्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेल्या छोट्या ट्रकला कोल्हापूर गाठायचे आहे असे धरू. चालकासमोर तीन वाटा आहेत. बारामतीवरून जावे, खाली दक्षिणेला वालचंदनगरकडे उतरावे, की महामार्गानेच इंदापुरात शिरून अकलूजचा रस्ता धरावा? इंदापूर सगळ्यांत जवळ, अवघ्या वीस मिनिटांवर. पण जवळचे गाव म्हणजे जवळची वाट असे नसते, आणि हा फरक कागदावर पकडण्याची एक फार सुंदर रीत गणितात आहे.

या प्रवासाचे टप्पे माणसाने नव्हे, जमिनीनेच पाडले आहेत. आधी नीरा ओलांडावी लागते. तिच्या अलीकडे बारामती, वालचंदनगर, इंदापूर. पलीकडे फलटण, नातेपुते, अकलूज. मग महादेवाच्या डोंगररांगा येतात आणि त्यांच्या पलीकडे सातारा, दहिवडी किंवा म्हसवड. तिथून कराड नाही तर विटा, आणि शेवटी कोल्हापूर. प्रत्येक थरातून एकच गाव निवडायचे आणि पुढच्या थरात जायचे. अशा रचनेला थरांचे जाळे म्हणतात. यात रस्ता कधी मागच्या थरात वळत नाही, आणि पुढची सगळी रीत त्यावरच उभी आहे.

आता वेळा. खालची मिनिटे मी उदाहरणासाठी धरली आहेत, भरलेल्या ट्रकच्या वेगाने आणि पाचाच्या पटीत. लोणी देवकरहून बारामती ६०, वालचंदनगर ४५, इंदापूर २०. बारामती ते फलटण ४५, वालचंदनगर ते नातेपुते ३५, इंदापूर ते अकलूज ४५. फलटणहून सातारा ९० आणि दहिवडी ६०. नातेपुत्याहून शिंगणापूरच्या घाटाने दहिवडी ७५, म्हसवड ७०. अकलूजहून माळशिरस, पिलीव करत म्हसवड ८०. सातारा ते कराड ५५. दहिवडीहून कराड १०० आणि विटा ७५. म्हसवड ते विटा ७५. शेवटी कराड ते कोल्हापूर ८०, विटा ते कोल्हापूर १३०.

प्रत्येक गावात उभे राहून सगळ्यांत जवळचे पुढचे गाव निवडत गेलो तर काय होते ते आधी पाहू. इंदापूर २०, अकलूज ४५, म्हसवड ८०, विटा ७५, कोल्हापूर १३०. बेरीज ३५०. पहिल्या पावलाला वाचवलेली मिनिटे शेवटच्या पावलाला व्याजासकट परत गेली, कारण या वाटेने गेलेला ट्रक विट्यालाच पोचतो आणि विट्याहून कोल्हापूर लांब आहे. लोणी देवकरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. कोल्हापुरात उभ्या असलेल्याला दिसते.

म्हणून हिशेब कोल्हापुरापासून सुरू करायचा. प्रत्येक गावाला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यापासून कोल्हापूरपर्यंत कमीत कमी किती वेळ उरला आहे? कराडचे उत्तर ८०, विट्याचे १३०. तिथे निवड करायला काही नाही.

मग एक थर मागे. साताऱ्याला एकच रस्ता आहे, ५५ अधिक कराडचे ८०, म्हणजे १३५. म्हसवडचे ७५ आणि विट्याचे १३० मिळून २०५. खरी गंमत दहिवडीला आहे. तिथून विटा ७५ मिनिटांवर आणि कराड १०० वर, म्हणून डोळे विट्याकडे जातात. पण विट्यावरून पुढचा उरलेला वेळ धरला की २०५ होतात, कराडवरून १८०. दहिवडीने कराडकडे वळायचे. हे एकदा ठरले की ट्रक दहिवडीला फलटणहून आला की नातेपुत्याहून, याच्याशी काही देणेघेणे उरत नाही. दहिवडीच्या ओळीत १८० हा आकडा आणि ‘कराड’ हे नाव लिहायचे आणि तिच्या पुढचा नकाशा विसरून जायचा.

विसरण्याची ही परवानगी रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात, अमेरिकेत रँड या संस्थेत काम करताना, एका तत्त्वात बांधली. सर्वोत्तम वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणी थांबून पाहिले, तर तिथून पुढचा तुकडाही त्या ठिकाणापासूनची सर्वोत्तम वाटच असला पाहिजे. तसा नसता तर तो तुकडा काढून चांगला बसवता आला असता आणि आख्खी वाटच सुधारली असती. १९५७ साली त्यांचे पुस्तक आले तेव्हा पद्धतीचे ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ हे नाव रूढ झाले. ते नाव का निवडले हे बेलमन यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे: त्या काळचे अमेरिकी संरक्षणमंत्री विल्सन यांना ‘संशोधन’ या शब्दाचीच चीड होती, म्हणून ज्याला कुणी आक्षेप घेणार नाही असे नाव त्यांनी शोधले.

आता उरलेले थर त्याच रीतीने भरू. फलटणहून साताऱ्यावरून ९० अधिक १३५, म्हणजे २२५. दहिवडीवरून ६० अधिक १८०, म्हणजे २४०. इथेही दहिवडी जवळ आहे आणि सातारा तीस मिनिटांनी दूर, पण साताऱ्याच्या पुढे महामार्ग आहे, म्हणून सातारा जिंकतो. पूर्ण तक्ता असा होतो. खालून वर भरायचा आणि वरून खाली वाचायचा.

| गाव | पर्यायांचा हिशेब | उरलेला वेळ | पुढे कुठे |
|---|---|---|---|
| लोणी देवकर | बारामती ६०+२७०=३३०; वालचंदनगर ४५+२९०=३३५; इंदापूर २०+३३०=३५० | ३३० | बारामती |
| बारामती | फलटण ४५+२२५ | २७० | फलटण |
| वालचंदनगर | नातेपुते ३५+२५५ | २९० | नातेपुते |
| इंदापूर | अकलूज ४५+२८५ | ३३० | अकलूज |
| फलटण | सातारा ९०+१३५=२२५; दहिवडी ६०+१८०=२४० | २२५ | सातारा |
| नातेपुते | दहिवडी ७५+१८०=२५५; म्हसवड ७०+२०५=२७५ | २५५ | दहिवडी |
| अकलूज | म्हसवड ८०+२०५ | २८५ | म्हसवड |
| सातारा | कराड ५५+८० | १३५ | कराड |
| दहिवडी | कराड १००+८०=१८०; विटा ७५+१३०=२०५ | १८० | कराड |
| म्हसवड | विटा ७५+१३० | २०५ | विटा |
| कराड | कोल्हापूर | ८० | कोल्हापूर |
| विटा | कोल्हापूर | १३० | कोल्हापूर |

पहिल्या ओळीपासून शेवटच्या रकान्याचे बोट धरून चालायचे: बारामती, फलटण, सातारा, कराड, कोल्हापूर. साडेपाच तास. सगळ्यांत जवळचे गाव पकडणाऱ्या वाटेपेक्षा वीस मिनिटे कमी.

शेवटचा रकाना विद्यार्थी बऱ्याचदा गाळतात. परीक्षेत मग ३३० हा आकडा बरोबर येतो आणि वाट कोणती ते सांगता येत नाही. किमान आकडा लिहिताना तो कुणामुळे आला हेही त्याच क्षणी लिहिले पाहिजे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पुढच्या गावाचा उरलेला वेळ न घेता फक्त रस्त्याची वेळ तोलणे. दहिवडीच्या ओळीत कुणी विटा लिहिला असेल तर ही चूक तिथे झाली आहे हे लगेच ओळखावे.

सातच वाटा होत्या, त्या एकेक मोजल्या असत्या तरी चालले असते, हे खरे. पण प्रत्येक थरात तीन गावे, असे दहा थर आणि सगळी गावे पुढच्या थराला जोडलेली असतील, तर वाटा ५९,०४९ होतात. तक्त्यात मात्र प्रत्येक रस्ता एकदाच तपासला जातो आणि असे रस्ते भरतात फक्त ८७.

पाठ्यपुस्तकांत हाच प्रश्न घोडागाडीच्या रूपात येतो. हार्वे वॅग्नर यांनी तो रचला आणि हिलियर व लिबरमन यांच्या पुस्तकातून तो जगभरच्या वर्गांत पोचला. एकोणिसाव्या शतकात मिझुरीहून कॅलिफोर्नियाला निघालेला प्रवासी प्रत्येक टप्प्याच्या विम्याचा हप्ता पाहून वाट ठरवतो, कारण हप्ता कमी तिथे धोका कमी. दर टप्प्याला स्वस्त हप्ता धरला तर बेरीज १३ येते आणि मागून हिशेब केला तर ११. आपल्या मुलांना मिझुरी सांगण्यापेक्षा फलटण सांगावे, असे मला मनापासून वाटते. मोगराळ्याचा घाट त्यांनी पाहिलेला असतो.

तक्त्याचा खरा उपयोग रस्ता बिघडल्यावर कळतो. समजा फलटण–सातारा रस्त्यावर काम निघाले आणि ९० ची ११० मिनिटे झाली. आता सगळा तक्ता पुसायचा नाही. हा रस्ता फलटणच्या ओळीत आहे, म्हणून फलटणची ओळ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या वरच्या ओळीच बदलतील. फलटणहून साताऱ्यावरून २४५ आणि दहिवडीवरून २४०, म्हणून फलटणचे उत्तर २४० आणि पुढचे गाव दहिवडी. बारामती २८५ होते. लोणी देवकरला बारामतीवरून ३४५, वालचंदनगरवरून तेच ३३५. ट्रकने फाट्यावरच दुसरी वाट धरायची, जरी खोळंबा नीरेच्या पलीकडे असला तरी. तीन ओळी खोडल्या आणि काम झाले. शिवाय प्रत्येक गावाचे उत्तर लिहिलेले असल्याने कुणी चुकून नातेपुत्याला पोचला तरी त्याला मागे फिरायची गरज नाही. त्याची ओळ तिथेच आहे.

ही रीत कुठे तुटते तेही पाहिले पाहिजे. नातेपुते आणि फलटण एकाच थरात आहेत, पण त्यांच्यामध्ये चांगला रस्ता आहे. तो आपण सोडला. मग सोडलेला रस्ता उत्तर बिघडवत नाही ना, हे तपासायचे. तो ४५ मिनिटांचा धरला तर नातेपुत्याहून फलटणवरून २७० होतात. तक्त्यात २५५ आहेत, म्हणून धक्का नाही. विटा–कराड रस्त्याचे ५५ धरले तर विट्याहून १३५ होतात, तक्त्यात १३०. हाही निभावला, पण पाचच मिनिटांनी. असा फरक उलटा आला असता तर थरांचा क्रम मोडला असता आणि एका फेरीत भरणारा हा तक्ता पुरेसा ठरला नसता. १९५९ साली डाइकस्ट्रा यांनी दिलेली रीत अशा मोकळ्या जाळ्यांसाठी आहे.

दुसरी अडचण खोल आहे. बारामतीचे २७० हे ट्रक तिथे किती वाजता पोचला यावर अवलंबून नाही, असे आपण गृहीत धरले. ऊसगाळपाच्या हंगामात हे खरे नसते. संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. समजा सहानंतर निघाल्यास बारामती–फलटण रस्त्याला ३० मिनिटे आणि वालचंदनगर–नातेपुते व इंदापूर–अकलूज या रस्त्यांना प्रत्येकी २० मिनिटे जास्त लागतात. मग ‘बारामती’ ही एक ओळ पुरत नाही. ‘बारामती, सहाच्या आत’ २७० आणि ‘बारामती, सहानंतर’ ३०० अशा दोन ओळी कराव्या लागतात. तसेच वालचंदनगर २९० आणि ३१०, इंदापूर ३३० आणि ३५०. गावाबरोबर घड्याळही ओळीत आले की तत्त्व पुन्हा लागू होते, फक्त तक्ता लांब होतो. त्यात टाकीतले डिझेल आणि चालकाची विश्रांती घातली की ओळी गुणाकाराने वाढत जातात. या वाढीला बेलमन यांनी मितींचा शाप म्हटले होते.

आता ट्रक लोणी देवकरहून संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी निघतो आहे असे धरा. बारामतीला तो ६.२० ला पोचेल, म्हणजे ६० अधिक ३००, एकूण ३६०. वालचंदनगरला ६.०५ ला पोचेल, ४५ अधिक ३१०, एकूण ३५५. इंदापूर मात्र ५.४० लाच येते, रांगा लागण्याआधी, म्हणून त्याची सहाच्या आतली ओळ लागू होते: २० अधिक ३३०, एकूण ३५०. दुपारी जी वाट शेवटच्या क्रमांकावर होती तीच आता पहिली आहे, आणि अकलूज, म्हसवड, विटा करत ट्रक कोल्हापुरात रात्री ११ वाजून १० मिनिटांनी उतरतो.