ऐकू आलं, पण म्हटलं काय?

आयईएल्टीएसच्या श्रवण परीक्षेत चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मागणारे पुण्या-नाशिकचे विद्यार्थी या परीक्षेला बसतात तेव्हा चारपैकी तिसऱ्या भागाचा धसका घेऊन बसतात. प्रश्न क्रमांक एकवीस ते तीस. दोन-तीन विद्यार्थी आणि कधी त्यांचे प्राध्यापक एखाद्या प्रकल्पाबद्दल बोलत असतात, आणि प्रश्नाखाली बऱ्याचदा तीन पर्याय असतात. इंग्रजी बरं असलेल्या मुलांची तक्रार इथे ठरलेली: ‘तिन्ही पर्यायांतले शब्द ऐकू आले हो!’

तक्रार खरी आहे. शब्द ऐकू यावेत अशीच त्या प्रश्नाची रचना असते. ती कशी, हे मराठीत करून पाहिलं तर लगेच कळतं. हा संवाद या लेखासाठीच रचला आहे. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी तो एकदा वाचून दाखवायला सांगा. तुम्ही फक्त प्रश्न आणि पर्याय समोर ठेवा.

प्रश्न: मंडईतल्या सर्वेक्षणासाठी दोघांनी कोणती पद्धत ठरवली?
अ) विक्रेत्यांच्या मुलाखती घ्यायच्या.
ब) गिऱ्हाइकांना छापील प्रश्नावली द्यायची.
क) खरेदी-विक्रीचं निरीक्षण करायचं.

मानसी: विक्रेत्यांच्या मुलाखती घेऊया असं मीच आधी म्हणत होते ना? परवा चक्कर मारून आले. सकाळी त्यांना मान वर करायला फुरसत नसते.
ओंकार: प्रश्नावली तर मी छापूनच आणणार होतो.
मानसी: गिऱ्हाइकांच्या दोन्ही हातांत पिशव्या. लिहिणार कशाने?
ओंकार: तेही आहेच. मग आपणच एका कोपऱ्यात उभं राहू. कोण किती घासाघीस करतं, कितीला सौदा तुटतो, सगळं वहीत उतरवून घेऊ.
मानसी: हं, हे सरांनाही पटेल. मुलाखती दुपारी, जमल्याच तर.

उत्तर ‘क’. पण ‘निरीक्षण’ हा शब्द संवादात कुठेही नाही. ‘मुलाखती’ दोनदा आला, ‘प्रश्नावली’ एकदा आला, आणि दोन्ही पर्याय चुकीचे. वाचताना हे सोपं वाटतं, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही.

चुकीच्या पर्यायाला परीक्षा बेतणारे डिस्ट्रॅक्टर म्हणतात; आपण चकवा म्हणू. चकव्यात ध्वनिमुद्रणातले शब्द का घालायचे, याचं कारण साधं आहे. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या पर्यायांत संवादात न आलेल्या गोष्टी असत्या, दूरध्वनीवरून चौकशी किंवा वर्तमानपत्रातली आकडेवारी. मग ज्याला संवादातले चार-दोन सुटे शब्दच पकडता आले, तोही बरोबर उत्तर देऊन गेला असता. प्रश्नाला मोजायचं आहे ते बोलण्याचं आकलन. सुटे शब्द पकडण्याचं कसब नव्हे. म्हणून तिन्ही पर्यायांचा बोलण्यात उल्लेख यायलाच हवा, आणि दोन पर्याय त्याच बोलण्यातून स्पष्टपणे बादही व्हायला हवेत. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. नुसता उल्लेख करून सोडून दिलेला पर्याय म्हणजे परीक्षार्थीवर अन्याय.

याला संशोधनाचाही आधार आहे. टोफेल या अमेरिकी परीक्षेतल्या छोट्या भाषणांवरचे प्रश्न फ्रीडल आणि कॉस्टिन या दोघांनी १९९०च्या दशकात तपासले. पर्यायांतले आणि भाषणातले शब्द किती जुळतात, याचा प्रश्न सोपा-अवघड होण्याशी संबंध असल्याचं त्यांना आढळलं. बरोबर पर्यायात भाषणातलेच शब्द असले की प्रश्न सोपा जातो. तेच शब्द चुकीच्या पर्यायांत गेले की अवघड. प्रश्न बेतणाऱ्याच्या हातातली मुख्य कळ ती हीच.

आता आपला संवाद पुन्हा पाहा. ‘अ’ बाद कशाने झाला? ‘म्हणत होते’ने. ‘ब’ बाद कशाने झाला? ‘आणणार होतो’ने. मराठी कानाला ‘आणणार होतो’ म्हटल्याबरोबर कळतं की आणलं नाही. इंग्रजीत ‘आय वॉज गोइंग टू’ नेमकं तेच सांगतं, ‘वी शुड हॅव’ म्हणजे करायला हवं होतं पण केलं नाही. व्याकरण म्हणून हे सगळं मुलांना येत असतं. पण इंग्रजी बोलण्यात जोर पडतो तो ‘इंटरव्ह्यू’ आणि ‘क्वेश्चनेअर’ या शब्दांवर. ‘वॉज’, ‘हॅव’, ‘वुड’ ही मंडळी पुटपुटल्यासारखी निघून जातात. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं, ‘आय वुड’चं ‘आयड’ होतं. पर्यायातला शब्द खणखणीत ऐकू येतो आणि त्याला खोटं पाडणारा शब्द अर्ध्या अक्षरात संपतो. चकवा बसतो तो या दोहोंच्या मधल्या फटीत.

सुराचंही तसंच. ‘दॅट्स अ गुड आयडिया’ हे वाक्य खाली उतरून थांबलं तर होकार आहे. शेवटी सूर वर उचलून अधांतरी सोडला, तर पुढे ‘बट’ येणार हे इंग्रज ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. आपणही ‘चांगलंय...’ असं लांबवून म्हणतो तेव्हा समोरचा ओळखतो. फक्त परक्या भाषेत सुराकडे लक्ष द्यायला सवड मिळत नाही. सगळी शक्ती शब्द ओळखण्यात खर्च झालेली असते.

काळ उलटवणं हा चकव्याचा सगळ्यात सोपा प्रकार. त्याहून त्रासदायक प्रकार कारणांचा आहे. प्रश्न असा येतो: ओंकारने प्रबंधाचा विषय का बदलला? तो म्हणतो, ‘सगळ्यांना वाटलं, मला पुस्तकं मिळाली नाहीत. पुस्तकं ढीगभर होती हो! दोन वाचली, आणि लक्षात आलं की मी जे म्हणणार ते त्यात आधीच येऊन गेलंय.’ चुकीचा पर्याय: ‘त्याला संदर्भपुस्तकं मिळाली नाहीत.’ बरोबर पर्याय: ‘नवं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.’ इथे चुकीच्या पर्यायातली जवळपास सगळी शब्दावली त्याच्याच तोंडून आली आहे. पण तो इतरांची समजूत सांगतो आहे, स्वतःचं कारण नाही. ‘सगळ्यांना वाटलं’ हे दोन शब्द निसटले की उत्तर गेलं. तिसऱ्या भागात ‘दोघांचं एकमत कशावर झालं’ असे प्रश्न येतात, त्यांतही हीच मेख असते: मत उत्साहाने मांडणारा एक, आणि हलकेच ‘आय सपोज सो’ म्हणून ते अर्धवट स्वीकारणारा किंवा विषय बदलणारा दुसरा.

यावर काही शिकवण्यांमधून एक तोडगा सांगतात: जो शब्द ऐकू येईल तो पर्याय सोडून द्यायचा. हा तोडगा धोक्याचा आहे. बरोबर पर्यायातही ध्वनिमुद्रणातला एखादा शब्द अनेकदा असतोच, कारण मंडईबद्दलच्या प्रश्नात मंडई टाळणार कशी? शिवाय प्रश्न बेतणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. सगळी बरोबर उत्तरं फक्त वेगळ्या शब्दांतच आली, तर न ऐकताही ती ओळखता येतील, आणि ते त्यांना नको असतं.

आता आपल्याच प्रश्नातला दोष सांगतो, कारण तो मुद्दामच ठेवला होता. मानसी शेवटी म्हणते, ‘मुलाखती दुपारी, जमल्याच तर.’ एखादा हुशार परीक्षार्थी भांडेल: मुलाखतीही ठरल्याच की! त्याचं भांडण अगदीच चुकीचं नाही. प्रश्नपत्रिका तपासणारा संपादक इथे लाल रेघ मारील आणि दोनपैकी एक करायला लावील. प्रश्नात ‘मुख्य पद्धत कोणती’ असं घालायचं, नाहीतर मानसीचं शेवटचं वाक्य काढून टाकायचं. मी पहिला बदल करीन. ते वाक्य माणसं खरोखर बोलतात तसं आहे.

असे दोष संपादकाच्या नजरेतून सुटले तर चाचणीत सापडतात. प्रश्न खऱ्या परीक्षेत जाण्याआधी परीक्षार्थींच्या एका गटावर वापरून पाहिला जातो. किती जणांना तो आला, हे तर बघतातच. पण एकूण परीक्षेत ज्यांना चांगले गुण आहेत त्यांनी कोणता पर्याय निवडला, हे जास्त बारकाईने बघतात. कच्चे विद्यार्थी ‘अ’कडे वळले आणि पक्के ‘क’कडे गेले, तर चकवा नीट बसला. पक्केच ‘अ’कडे वळायला लागले, तर दोष त्यांच्या कानात नाही, प्रश्नात आहे, तो दुरुस्त करायचा किंवा टाकून द्यायचा. आणि एखादा पर्याय कुणीच निवडला नाही, तर तो कागदावरची जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही. प्रश्न नावाला तीन पर्यायांचा, प्रत्यक्षात दोनांचाच उरतो.

इतकं करूनही या प्रकाराची एक मर्यादा राहते. पर्याय वाचावे लागतात. ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी त्यासाठी थोडे सेकंद मिळतात. ज्याचं इंग्रजी वाचन संथ आहे तो चांगलं ऐकूनही मागे पडतो, आणि ते गुण वाचनाचे गेले की श्रवणाचे, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. मला हा आक्षेप चकव्यांवरच्या सगळ्या तक्रारींपेक्षा वजनदार वाटतो.

घरी सराव करणाऱ्याला याचा उपयोग असा. सराव-पुस्तकांच्या शेवटी ध्वनिमुद्रणाची संहिता छापलेली असते. उत्तर चुकलं की बरोबर अक्षर पाहून बहुतेक जण पुढे जातात. त्याऐवजी संहितेत तिन्ही पर्यायांच्या जागा शोधून खुणा कराव्या, आणि दोन चुकीच्या पर्यायांना नेमक्या कोणत्या शब्दाने बाद केलं त्याखाली रेघ ओढावी. मग तेवढाच तुकडा, संहिता झाकून, पुन्हा ऐकावा. रेघ ओढलेला शब्द आता ऐकू येतो का? येत नसेल तर अडचण शब्दसंग्रहाची नाही. ‘वुड’, ‘हॅव’, ‘नॉट’ यांचे आखडलेले उच्चार ऐकायची सवय हवी. येत असेल, पण परीक्षेच्या वेळी तरीही चुकला असाल, तर बहुधा घाई झाली: पर्यायातला शब्द कानावर पडताच खूण केली आणि पुढचं अर्धं वाक्य ऐकलंच नाही.

या घाईची किंमत एका गुणावर थांबत नाही. प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या क्रमानेच येतात. ‘अ’वर खूण करून मग ‘अरे, नाही वाटतं’ म्हणत खोडत बसलेल्याच्या कानावरून पुढच्या प्रश्नाचं उत्तर निघून जातं, आणि मग त्याच्या पुढच्याचंही. श्रवणात सातचा बँड मिळायला चाळीसपैकी साधारण तीस उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे एका चकव्यापायी तीन गुण गेले तर ते परवडणारे नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे शंका आली तर पर्यायासमोर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, वक्त्याचं वाक्य संपू द्यायचं, आणि तरीही ठरलं नाही तर ठिपका तसाच ठेवून बाविसाव्या प्रश्नाकडे जायचं.