उद्याचा कॉल किती वाजता?

चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या शूटिंगमध्ये उद्या कोणी, किती वाजता, कुठे हजर व्हायचे आणि दिवसभरात कोणकोणते सीन घ्यायचे हे ज्या एक-दोन पानांवर लिहिलेले असते, ती कॉल शीट. ती तयार करण्याचे काम बहुधा सेकंड एडीकडे, म्हणजे दुसऱ्या सहायक दिग्दर्शकाकडे असते. फर्स्ट एडी ती तपासतो. गाड्या, जेवण आणि परवानग्या सांभाळणाऱ्या प्रॉडक्शन मॅनेजरने होकार दिला की ती युनिटला जाते. मेकअप दादांपासून नायिकेपर्यंत सगळ्यांचा दिवस या कागदावर ठरतो. त्यामुळे तिच्यातली एक चुकीची वेळ पन्नास-साठ माणसांना एकाच वेळी चुकवते.

कॉल शीट वाचली जाते सकाळकडून रात्रीकडे, पण बांधावी लागते उलटी. त्या दिवसातली जी गोष्ट कोणाच्याही सांगण्याने हलणार नाही ती आधी मांडायची आणि तिच्यापासून मागे मागे येत बाकीच्या वेळा काढायच्या. नायकाची तारीख, जनरेटर व्हॅन, वाड्याच्या मालकाची सोय या गोष्टी विनंती करून थोड्याफार सरकतात. सूर्य आणि समुद्र सरकत नाहीत.

समजा, फेब्रुवारीच्या मध्यावर गुहागरला शूटिंग आहे. सकाळी एका जुन्या वाड्यातला सीन आहे आणि संध्याकाळी किनाऱ्यावरचा. किनाऱ्याच्या सीनमध्ये आजी आणि आठ वर्षांचा नातू मावळतीच्या उजेडात ओल्या वाळूवरून चालत जातात. दिग्दर्शकाला मागे रुंद, चकाकणारी वाळू हवी आहे. म्हणजे मावळतीच्या आसपास ओहोटी हवी, आणि असा दिवस पंचांग उघडूनच शोधावा लागतो.

कोकणात यासाठी एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने, म्हणजे साडेपाचच्या आत-बाहेर, ओहोटी पुरी होते. फेब्रुवारीच्या मध्यावर तिथे सूर्य पावणेसातच्या थोडा आधी मावळतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असल्याने पाणी ओहोटीलाही जास्त मागे जाते, म्हणून वाळू सर्वांत रुंद मिळते. तेव्हा हा सीन अमावास्येला किंवा पौर्णिमेला लावायचा. तोच सीन कोणाच्या तारखेसाठी आठवडाभर पुढे ढकलला, तर अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा येते. भरती ऐन मावळतीला, आणि सीनला हवी असलेली वाळू पाण्याखाली. कॉल शीटवर मात्र पाऊणपटीचा अंदाज छापायचा नसतो. त्या बंदराची वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यातून घ्यायची. असे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भरतीबरोबर लाटांचाही अंदाज देते.

आता मागे मोजत यायचे. किनाऱ्यावरचे शॉट साडेचार ते पावणेसात. त्याआधी तासभर कॅमेरा लावणे आणि तालीम, म्हणजे युनिट साडेतीनला किनाऱ्यावर हवे. वाड्यातून सामान उतरवणे, गाड्यांत भरणे आणि पुन्हा लावणे याला अंतर दोन किलोमीटर असले तरी तासाखाली धरणे धाडसाचे. म्हणून दीड ते अडीच जेवण, अडीचला हलायचे. वाड्यातला सीन पटकथेत अडीच पानांचा आहे, त्याला साडेचार तास हवेत, म्हणून पहिला शॉट नऊला. लाइटच्या तयारीला एक तास, म्हणून युनिटचा कॉल आठचा आणि नाश्ता साडेसातपासून. पॅकअप सव्वासातला धरले, तर आठपासूनची बारा तासांची शिफ्ट संपायला पाऊण तास उरतो. हा पाऊण तास मोकळाच ठेवावा. तो भरून टाकणाऱ्या कॉल शीटवर अनुभवी लाइटमन नुसती नजर टाकतो आणि ओव्हरटाइमचा हिशोब करू लागतो.

आठ हा युनिटचा कॉल झाला. प्रत्येक कलाकाराचा कॉल वेगळा निघतो, आणि अडचणी इथेच येतात. आजी झालेल्या अभिनेत्रीला नऊवारी, पांढरा विग आणि मेकअप मिळून दीड तास लागतो, म्हणून तिचा कॉल साडेसातचा आणि लॉजवरून गाडी सव्वासातची. त्यामुळे मेकअप दादा, हेअर ड्रेसर आणि ड्रेस दादा यांना तिच्याही आधी यावे लागते. युनिटचा कॉल आठ लिहून हे तिघे त्याच ओळीत टाकले, की आजी साडेसातला खुर्चीत बसून वाट पाहते आणि पहिला शॉट सकाळीच अर्धा तास मागे पडतो.

नातवाचे गणित कायद्याचे आहे. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला युनिटबरोबर सकाळी आठला बोलावले तर एकला त्याचे पाच तास भरतात. तो संध्याकाळच्या सीनला उरतच नाही. दीडला बोलावले तर मर्यादा साडेसहापर्यंत जाते. पण मग तीन तास साडेचारला संपतात, नेमका किनाऱ्यावरचा पहिला शॉट सुरू होताना. म्हणून त्याची विश्रांती चार ते साडेचार अशी कॉल शीटवरच लिहायची. साडेसहानंतर, म्हणजे सूर्य टेकताना, फक्त आजीचे शॉट ठेवायचे. दिग्दर्शकाला हे आदल्या दिवशी कळले तर तो शॉटचा क्रम बदलतो. किनाऱ्यावर कळले तर भांडण होते.

सीनचा तक्ता यानंतरचा. त्यात सीनचा क्रमांक, आत की बाहेर, दिवस की संध्याकाळ, एका ओळीत गोष्ट, पात्रे, पानांची लांबी आणि लागणारे सामान येते. लांबी पानाच्या आठव्या हिश्शांत मोजतात. सामानाच्या रकान्यात ‘आजीची काठी’ एवढे लिहून भागत नाही. ‘काठी, सीन बारामधलीच’ असे लिहावे लागते.

संपर्काच्या यादीत सगळ्यांचे नंबर देण्याचा मोह टाळावा. पहिल्या पानावर फर्स्ट एडी, प्रॉडक्शन मॅनेजर, लोकेशन पाहणारा आणि गाड्या पाहणारा एवढे पुरतात. कलाकारांचे नंबर तिथे नकोतच, कारण तीच फाइल रात्रीतून गावभर फिरते. पत्ता देताना नकाशाच्या लिंकवर भिसायचे नाही. कोकणात रेंज जाते आणि लिंक उघडत नाही. ‘मंदिराच्या पुढच्या चौकातून डावीकडे, नारळाच्या वाडीच्या शेवटी, टेम्पो इथपर्यंतच’ असे शब्दांत लिहिलेले उपयोगी पडते. टेम्पो कुठवर येतो हे तर हवेच, कारण जनरेटर रेतीत रुतला तर संध्याकाळ गेली.

हवामानाच्या रकान्यात तापमान आणि ऊन-पावसाचे चित्र टाकून बहुतेक जण मोकळे होतात. फेब्रुवारीत तिथे पावसाची भीती नसते. प्रश्न वाऱ्याचा असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि चारच्या सुमारास चांगला वाहतो. म्हणजे साउंडवाल्याला माइकला वाऱ्याचे कव्हर हवे, आणि उजेड मऊ करण्यासाठी उभारलेली बारा फुटी चौकटीवरची कापडे शिडासारखी फुगतात. म्हणून कॉल शीटवर वाऱ्याची दिशा व वेग लिहायचा आणि त्याखाली ‘प्रत्येक चौकटीला दोर आणि वाळूच्या पिशव्या, वारा वाढला की फर्स्ट एडीच्या सांगण्यावरून कापड उतरवणे’ अशी सूचना द्यायची. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आदल्या दिवशी दुपारी पाहायचा आणि शूटिंगच्या सकाळी पुन्हा. मे-जूनमध्ये हाच रकाना विजेसाठी असतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी गाडीत किंवा पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. अशा दिवसांसाठी आत घेता येईल असा एक सीन पर्यायी म्हणून कॉल शीटवर आधीच नोंदलेला असतो.

सुरक्षिततेची ओळ त्या दिवसाची आणि त्या जागेची असली तरच वाचली जाते. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ हे वाक्य रोज छापले की डोळ्यांना दिसेनासे होते. गुहागरच्या या दिवसाचा खरा धोका पॅकअपच्या वेळी आहे. ओहोटी साडेपाचच्या सुमाराची असल्याने पावणेसातपर्यंत पाणी एकूण चढणाऱ्या उंचीच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढेच चढलेले असते आणि किनारा निवांत वाटतो. भरतीचा वेग मात्र मधल्या तासांत वाढतो. आठ वाजेपर्यंत पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलेले असते, तेही अंधारात. म्हणून सूचना अशी: जनरेटर आणि वितरण पेटी भरतीच्या कोरड्या रेषेच्या वर, केबलचे जोड वाळूवर नाहीत, स्टँडवर, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लाइट सुरू नाही, शेवटचा शॉट संपताच खालच्या केबल सर्वांत आधी उचलायच्या. पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचे नाही, आणि पोहता येणारा एक स्थानिक माणूस संपूर्ण वेळ हजर, त्याच्या नावासह.

आपत्कालीन चौकटीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रावरच्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ असतो. रुग्णालयाचे नाव, रस्ता आणि तिथे पोचायला लागणारी मिनिटे कोणीतरी गाडीने जाऊन मोजलेली हवीत. कोणती गाडी सतत मोकळी राहील, तिचा चालक कोण, हेही हवे.

परवानगीची ओळ अनेकदा गाळली जाते. २०१४ मध्ये अमेरिकेत जॉर्जियात एका चित्रपटाचे युनिट रेल्वेच्या पुलावर रुळांमध्ये शूटिंग करत असताना गाडी आली आणि सेरा जोन्स ही कॅमेरा सहायक ठार झाली. रेल्वे कंपनीने रुळांवर शूटिंगला लेखी नकार दिलेला होता. पुढे दिग्दर्शकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. ‘परवानगी: कोणाची, कोणत्या जागेपुरती, किती वाजेपर्यंत’ असा रकाना असला, तर तो रिकामा आहे हे स्पॉट दादालाही दिसते आणि त्याला विचारता येते.

कॉल शीटचा कच्चा मसुदा आदल्या दुपारी होतो आणि पक्की प्रत त्या दिवसाच्या पॅकअपआधी व्हॉट्सॲपवर जाते. फाइलच्या नावात दिवस आणि आवृत्ती असावी, म्हणजे रात्री दहाला बदल झाला तर जुनी कोणती हे कळते. ज्यांची वेळ बदलली त्यांना फोन करायचाच. दोन निळ्या खुणा म्हणजे वाचले असे धरायचे नाही. आणि पॅकअप सव्वासातऐवजी साडेनऊला झाले, तर दुसऱ्या दिवसाचा छापलेला कॉल तसाच ठेवता येत नाही. शेवटची गाडी लॉजवर किती वाजता पोचली ते विचारून, झोपेचे तास मोजून, सगळ्या वेळा पुन्हा मागे मोजत बसावे लागते.