चोवीस अंशांसाठी चौदापर्यंत

जुलैतली मुंबई. खोलीतली हवा 30 अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता 75 टक्के. एसीच्या रिमोटवर 24 आकडा लावताना वाटतं, सहा अंशांचंच तर काम आहे. हे काम प्रत्यक्षात किती मोठं आणि कसलं, ते एका कागदावर दिसतं. त्याचं नाव सायक्रोमेट्रिक चार्ट. वातानुकूलनाचे इंजिनिअर रोज वापरतात, पण समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

चार्टच्या खालच्या कडेवर डावीकडून उजवीकडे तापमान वाढत जातं. उजव्या उभ्या कडेवर असते हवेतली वाफ, एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम, या हिशोबात. मधून डावीकडून उजवीकडे वर चढत जाणाऱ्या कमानी म्हणजे सापेक्ष आर्द्रतेच्या रेषा: 10 टक्के, 20 टक्के, असं करत सगळ्यात वरची, डावीकडची कमान 100 टक्क्यांची. तिच्यापलीकडे वाफ वाफ म्हणून राहत नाही, तिचं पाणी होतं. या सगळ्यांना छेदत तिरक्या उतरणाऱ्या रेषाही असतात. त्यांवरून ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान आणि हवेत एकूण किती उष्णता आहे, हे वाचता येतं.

खोलीतली हवा म्हणजे या कागदावरचा एक बिंदू. कोणत्याही दोन गोष्टी कळल्या की बिंदू सापडतो आणि बाकीच्या आपोआप वाचता येतात. आपली हवा 30 अंशांच्या उभ्या रेषेवर, 75 टक्क्यांच्या कमानीवर. तिथून सरळ उजवीकडे गेलं की आकडा मिळतो सुमारे 20 ग्रॅम. दहा बाय बाराच्या नव्हे, चांगल्या बारा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत साधारण 46 किलो हवा मावते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या त्या खोलीत जवळजवळ एक लिटर पाणी तरंगतं आहे.

आता ही हवा नुसती थंड करून बघू. वाफ काढायची नाही, म्हणजे ग्रॅम तेवढेच, म्हणजे बिंदू आडवाच डावीकडे सरकणार. 28 अंशांना आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते, 26 ला 95 टक्क्यांच्या आसपास, आणि 25 च्या जवळ बिंदू 100 टक्क्यांच्या कमानीला टेकतो. हाच दवबिंदू. चोवीसला पोचायच्या आधीच हवा पाण्याने तुडुंब! नुसता थंडावा म्हणजे ओलसर गुहेतला थंडावा. घाम वाळणार नाही, चादर गार आणि दमट लागेल.

आपल्याला हवी आहे 24 अंशांची, साधारण 55 टक्के आर्द्रतेची हवा. चार्टवर हा बिंदू शोधला तर तो 10 ग्रॅमवर निघतो. म्हणजे निम्मं पाणी बाहेर गेलं पाहिजे. ते कसं काढायचं? एसीकडे एकच युक्ती आहे: हवा दवबिंदूच्या पुष्कळ खाली नेणं. बिंदू आधी आडवा सरकत कमानीला टेकतो आणि मग कमानीवरूनच खाली घसरतो. प्रत्येक अंशाला थोडी वाफ कॉइलच्या फिनवर थेंब होऊन ड्रेन पाइपकडे वाहते. दहा ग्रॅमपर्यंत उतरायचं तर ही घसरण 14 अंशांच्या थोडं वर येऊनच थांबते. चोवीस अंशांची सुखद हवा मिळवायला हवेला चौदापर्यंत न्यावं लागतं, ते असं. पुढचे दहा अंश परत वाढवायला हीटर लागत नाही. भिंती, माणसं, दिवे आणि पंखा ते काम फुकट करतात. बिंदू पुन्हा आडवाच, पण या वेळी उजवीकडे चालतो.

प्रत्यक्षातली वाट इतकी कोनदार नसते. सगळी हवा कॉइलला चिकटून जात नाही. काही फिनच्या फटींतून तशीच निसटते आणि थंड हवेत मिसळते. म्हणून वाट वळणदार होते. पण सुरुवात आणि शेवट तेच, आणि हिशोबाला तेवढं पुरतं.

तिरक्या रेषांवरचा हिशोब मला सगळ्यात बोलका वाटतो. सुरुवातीच्या हवेत किलोमागे सुमारे 82 किलोज्यूल उष्णता होती, शेवटच्या हवेत 50. फरक 32 चा. तो दोन भागांत तोडू: आधी 30 अंशांवरच वाफ कमी केली असती तर 82 वरून 56 वर आलो असतो. मग फक्त तापमान उतरवलं की 56 वरून 50. म्हणजे रिमोटवर दिसणाऱ्या सहा अंशांच्या वाट्याला जेमतेम सहा किलोज्यूल, आणि न दिसणाऱ्या पाण्याच्या वाट्याला 26. पावसाळ्यातल्या मुंबईत अशी हवा सुखद करण्याचा खर्च मुख्यतः वाफेचं पाणी करण्याचा असतो. खोलीतून एकदा काढायचं पाणी अर्धा लिटरच. तरी ड्रेन पाइपखाली बादली भरते, कारण दाराखिडक्यांच्या फटींतून नवी दमट हवा येत राहते आणि माणसंही श्वास-घामातून भर घालतात.

विलिस कॅरिअरने 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तीही मुळात उकाड्यासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. पुढे 1911 मध्ये त्याने आपली सूत्रं आणि चार्ट अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडला.

नागपूरच्या मे महिन्यात हाच चार्ट वेगळी वाट दाखवतो. 42 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बिंदूला तिरक्या रेषेवरून वर-डावीकडे नेतो: तापमान उतरतं, ग्रॅम वाढतात. ती रेषा कमानीला 21 अंशांच्या जवळ भेटते, म्हणून 26-27 अंशांची हवा सहज मिळते. मुंबईच्या आपल्या बिंदूवरून तीच तिरकी रेषा धरली, तर ती 26 अंशांच्या थोडं पुढे, 100 टक्क्यांवर संपते. जुलैत कूलर तिथे का हरतो, याचं उत्तर एवढंच.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. छापील चार्ट बहुधा समुद्रसपाटीच्या दाबाचा असतो. पुण्याच्या उंचीवर तोच चार्ट वापरला, तर त्याच तापमानाला आणि टक्क्यांना खरे ग्रॅम सुमारे 7 टक्क्यांनी जास्त निघतात.

दुसरा घोळ टक्क्यांचा. 24 अंश आणि 70 टक्के ही हवा 13 ग्रॅमची. एसी बंद केला, खोली 27 वर गेली, की आर्द्रतामापक 58-59 टक्के दाखवतो. वाटतं, हवा कोरडी झाली. पण पाणी एक थेंबही गेलेलं नाही, बिंदू फक्त आडवा सरकला आहे.

खोलीच्या मानाने मोठा एसी बसवला की काय होतं, तेही असंच पकडता येतं. तापमान पटकन 24 ला येतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाणी काढायला कॉइलला वेळच मिळत नाही. त्यात पंखा चालू राहिला तर फिनवरचं पाणी पुन्हा हवेत उडतं आणि बिंदू वर चढतो. खोलीतल्या आर्द्रतामापकावर नजर ठेवावी: कॉम्प्रेसर थांबल्यावर पुढच्या काही मिनिटांत तापमान फारसं न हलता टक्के झपाट्याने चढले, तर ते पाणी ड्रेनऐवजी खोलीत परतलं आहे. अशा वेळी रिमोटवर 24 चे 20 केल्याने चिकचिक जाईलच असं नाही. पंख्याचा वेग कमी करून पाहावा. हवा कॉइलवर सावकाश जाते, कॉइल आणखी थंड होते आणि प्रत्येक फेरीत जास्त पाणी उतरतं. किंवा ड्राय मोड लावावा, त्यात पंखा बहुतेक मंदच ठेवलेला असतो.