चमचा नको, घड्याळ हवे

कऱ्हाड आणि ईश्वरपूर यांच्या दरम्यानच्या खेड्यांतून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत अपस्माराचे, म्हणजे आपण ज्याला फिट येणे म्हणतो त्या विकाराचे रुग्ण नेहमीच असतात. त्यांतल्या एका मुलाची हकिकत, ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन, आपल्यापुढे मांडतो.

चौथीतला मुलगा, वजन पंचवीस किलो. सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेत तो एकदम ओरडून कोसळला. अंग ताठ झाले, मग हातपाय झटके देऊ लागले, ओठ निळसर पडले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी मुठीत किल्ल्या दिल्या, दोघांनी हातपाय दाबले आणि दातखीळ सुटावी म्हणून एकाने स्टीलचा चमचा तोंडात घातला. मुलगा शुद्धीवर आला तेव्हा त्याचा पुढचा दात तुटलेला होता.

दवाखान्यात आणल्यावर मी विचारले, “झटके किती वेळ चालले?” गुरुजी म्हणाले, “पंधरा मिनिटे तरी असतील.” सोबत आलेला त्याचा वर्गमित्र मात्र म्हणाला, “नाही डॉक्टर, कर्ण्यावरची प्रार्थना संपायच्या आत तो थांबला होता.” म्हणजे जेमतेम दोन मिनिटे! भीतीने मिनिटे लांबतात; म्हणूनच अशा वेळी सर्वांत आधी घड्याळ पाहायचे असते.

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच. झटका आपल्या गतीने थांबतो आणि श्रेय मात्र कांद्याला, चपलेला किंवा किल्लीला मिळते. कांद्याने निदान इजा तरी होत नाही, चमच्याने होते. जीभ कधीही गिळली जात नाही. ती दातांखाली येऊन चावली जाऊ शकते, पण ती जखम बहुधा भरून येते. तोंडात घातलेल्या वस्तूने तुटलेला दात मात्र श्वासनलिकेत अडकू शकतो. हातपाय दाबून धरल्याने झटका थांबत नाही, सांधा निखळण्याचा धोका वाढतो. पूर्ण शुद्ध येण्यापूर्वी पाजलेले पाणी फुप्फुसात उतरू शकते.

मग करावे काय? वेळ पाहावी. जवळचे दगड, बाक, भांडी बाजूला सारावीत. डोक्याखाली घडी केलेला रुमाल किंवा शाल ठेवावी, चष्मा काढावा, गळ्याशी आवळलेले बटण सैल करावे. जमेल तितक्या लवकर, निदान झटके ओसरताच, रुग्णाला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडावा आणि तोंड जमिनीकडे कलते ठेवावे. लाळ व फेस बाहेर वाहून जातो आणि श्वास मोकळा होतो. घरातल्या वृद्धांची कवळी झटका चालू असताना काढायला जाऊ नये. थांबल्यावर, ती सैल दिसली तरच काढावी. शाळेत एका शिक्षकाने बाकीच्या मुलांना वर्गात न्यावे आणि दुसऱ्याने रुग्णाजवळ बसावे. कपड्यात लघवी झाली असल्यास अंगावर चादर टाकावी. जागे झाल्यावर मूल गोंधळलेले असते. ही लाज त्याला झटक्यापेक्षा अधिक काळ छळते.

घड्याळात पाच मिनिटे झाली आणि झटका थांबला नाही, तर १०८ वर दूरध्वनी करावा. शुद्ध न येता दुसरा झटका आला, आयुष्यातला पहिलाच झटका असला, तो पाण्यात आला, डोक्याला मार लागला, झटक्यानंतर श्वास नीट चालेना, किंवा रुग्ण गरोदर वा मधुमेही असली तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नये.

ज्यांना लांबलेले झटके येतात, त्यांच्यासाठी नाकात फवारायचे मिडाझोलम हे औषध डॉक्टर लिहून देतात. येथे एक चूक हमखास होते. मात्रा वजनावर ठरते. आपल्या या मुलाला ती पाच मिलिग्रॅम बसते. काही बाटल्यांच्या एका फवाऱ्यात अर्धा मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे दहा फवारे, प्रत्येक नाकपुडीत पाच. दुसऱ्या बाटलीच्या एका फवाऱ्यात सव्वा मिलिग्रॅम असते; तेथे चारच फवारे पुरतात. औषधदुकानदाराने बाटली बदलून दिली की जुना आकडा चुकतो. म्हणून आपल्या मुलाचे फवारे किती, हे डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्यावे आणि तसाच कागद शाळेतही द्यावा.

आता त्या सकाळी झटका आला का, ते पाहू. मुलाचे निदान आधीच झालेले होते आणि पाच महिने तो उत्तम होता. आदल्या रात्री काकाच्या लग्नानिमित्त घरी जागरण-गोंधळ होता. मुलगा पहाटेपर्यंत जागा राहिला आणि पाहुण्यांच्या गर्दीत रात्रीची गोळी द्यायची राहिली. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी एकत्र आली. आजी म्हणाल्या, “देवाच्या कार्यात असे कसे झाले?” मी म्हटले, “आजी, कार्य खुशाल करा. नातवाला मात्र गोळी देऊन दहाला झोपवा.”

गोळीची वेळ रोज तीच असावी. चुकली तर आठवताच द्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास दोन एकदम देऊ नयेत. उपवासातही गोळी चालू ठेवावी. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने कधीही बंद करू नये. अचानक औषध थांबल्यास न थांबणारा, जीवघेणा झटका येऊ शकतो. साधारण दोन वर्षे एकही झटका आला नाही, तर औषध उतरवायचे का, हे डॉक्टर ठरवतात आणि तेही महिनोन्‌महिने, थोडेथोडे.

मुली लग्न होऊन सासरी जातात तेव्हा हीच गोळी ट्रंकेच्या तळाशी लपते आणि लपलेली गोळी चुकते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा पूर्वी विवाहाच्या अटीत अडथळा मानला जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला गेला. तेव्हा लग्नाआधी मोकळेपणाने सांगावे, म्हणजे गोळी उघड्यावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवता येईल.

ज्येष्ठ वाचकांसाठी एक वेगळी खूण. उतारवयात, विशेषतः पक्षाघातानंतर, झटका नेहमी हातपाय झाडत येत नाही. बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहणे, ओठ चाळवत राहणे, मग काही वेळ गोंधळणे, एवढेच दिसते आणि घरचे त्याला विसराळूपणा समजतात. असे पुन्हा पुन्हा घडले तर एकाने मोबाइलवर चित्रण करावे. सांगली, मिरज वा कऱ्हाडच्या मेंदूविकारतज्ज्ञांना ते अर्धा मिनिट दाखवलेत, तर निदान सोपे होते. रक्तातील साखर आणि सोडियमही तपासून घ्यावे.

तो मुलगा आता कवायत करतो, कबड्डी खेळतो. विहिरीत पोहायला मात्र सोबत जाणता मोठा माणूस असल्याशिवाय उतरत नाही आणि न्हाणीघराला आतून कडी लावत नाही. त्याच्या गुरुजींनी वर्गाच्या भिंतीवर, घड्याळाखाली, एक कागद चिकटवला आहे: ‘वेळ पाहा. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.’ आपल्याही घरातील घड्याळाखाली तेवढी जागा नक्की असेल.