तीन तासांचा पेपर आणि लिहिण्याची सवय सुटलेला हात

आपल्या समाजातील अनेक घरांतून मुले-मुली आज सी.ए.च्या परीक्षेला बसत आहेत. एकेकाळी दुकानातील रोजमेळ आणि खतावणी लिहिता लिहिता घरातील तरुणांचा हात आपोआप चालता राहत असे. आता हिशेब संगणकावर आणि निरोप मोबाइलवर असल्यामुळे विद्यार्थ्याच्या हातात पेन येते ते बहुधा ओळी अधोरेखित करण्यापुरतेच. इंटरमीजिएट व फायनलची उत्तरे मात्र अजूनही कागदावर, हातानेच लिहावी लागतात. त्यामुळे अभ्यास पुरा झालेला असूनही शेवटचे एक-दोन प्रश्न सुटले, असे सांगणारे विद्यार्थी वारंवार भेटतात. हाताची तयारी हा अभ्यासाचाच एक भाग आहे. ती कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम गरज किती, हे मोजावे. उदाहरण म्हणून इंटरमीजिएटचा ‘ऑडिटिंग अँड एथिक्स’ हा पेपर घेऊ. वेळ तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. त्यात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० गुण लेखी उत्तरांना असतात. बहुपर्यायी प्रश्नांसाठी ४५ मिनिटे व शेवटी तपासणीसाठी १० मिनिटे बाजूला काढली, तर ७० गुणांसाठी १२५ मिनिटे उरतात. म्हणजे पाच गुणांच्या उत्तरास सुमारे ९ मिनिटे. त्यातील दोन मिनिटे प्रश्न वाचून मुद्दे ठरविण्यात जातात आणि लिहिण्यास सात मिनिटे मिळतात.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. मिनिटाला २० शब्द लिहिणारा विद्यार्थी त्या सात मिनिटांत १४० शब्द लिहितो. १४ शब्द लिहिणारा ९८ वरच थांबतो. तरतूद, वस्तुस्थिती आणि निष्कर्ष हे तिन्ही भाग १४० शब्दांत नीट बसतात. ९८ शब्दांत बहुधा एखादा भाग आखूड पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अशी चौदा उत्तरे धरली, तर प्रत्यक्ष लेखन सुमारे १०० मिनिटांचे होते. हाताला सलग तीन तास राबायचे नसते. सात-आठ मिनिटे लिहायचे, थोडे थांबायचे आणि पुन्हा लिहायचे, असे त्याचे काम असते. म्हणून सरावही त्याच लयीत व्हावा.

आता आपला हात कोठे आहे ते पाहावे. एका दिवशी पुस्तकातील मजकूर समोर ठेवून अर्धा तास उतरून काढावा. दर पाच मिनिटांनी, न थांबता, ओळीत एक उभी रेघ मारावी आणि नंतर प्रत्येक रेघेपर्यंतचे शब्द मोजावेत. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ पाठ असलेल्या विषयावर, पुस्तक मिटून लिहावे. पहिल्या दिवशीचा वेग आरंभापासूनच कमी असेल, तर अक्षर काढण्याची पद्धत संथ आहे. आरंभी चांगला असून पुढे घसरत असेल, तर हात थकतो आहे. उतरून काढताना वेग चांगला, पण मनाने लिहिताना मंद असेल, तर दोष हाताचा नाही. उजळणी कच्ची आहे. त्यावर लेखनाच्या सरावाने उपाय होणार नाही.

आमच्या नात्यातील एका मुलीच्या वहीतील आकडे येथे देतो. उतरून काढताना पहिल्या पाच मिनिटांत १०८ शब्द, म्हणजे मिनिटाला साधारण २१. शेवटच्या पाच मिनिटांत अवघे ७१, म्हणजे १४. मनाने लिहितानाही घसरण जवळपास तेवढीच होती. वेग होता, दम नव्हता. तिच्या कागदाच्या मागील बाजूवरून बोट फिरविले, तर अक्षरांचे उठाव स्पष्ट लागत. ती पेन फार घट्ट धरून कागदावर दाबत होती. लिहिण्याची सवय सुटलेल्या बहुतेक हातांचा दोष हाच असतो, आणि थकव्याचे मोठे कारणही तेच.

त्यावरील उपाय साधे आहेत. कमी दाबाने चालणारे जेल पेन घ्यावे, मात्र ते उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर फुटत नाही हे पाहावे. शाईच्या रंगाबाबत प्रवेशपत्रावरील सूचना पाळावी. कोपरापासून पुढचा हात टेबलावर टेकलेला असावा आणि ओळीवरून पुढे सरकताना केवळ बोटे न ताणता तो संपूर्ण हात सरकावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने कागद किंचित डावीकडे कलता ठेवावा. विचार करताना पेन खाली ठेवण्याची सवय लावून घ्यावी. उत्तरागणिक मिळणारी ती दोन मिनिटे हाताची विश्रांती आहे; पेन मुठीत आवळून बसल्यास ती वाया जाते.

सरावास आठ आठवडे असावेत. पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटे, वेगाकडे न पाहता, सैल हाताने लिहावे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात रोज चार उत्तरे, प्रत्येकी नऊ मिनिटांची, घड्याळ लावून लिहावीत. पाचव्या-सहाव्यात एक दिवसाआड सात उत्तरे, म्हणजे साधारण एक तास. सातव्या आठवड्यात दोन पूर्ण पेपर, मध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून आणि परीक्षेच्याच वेळी, दुपारी दोन ते पाच, लिहावेत. आठव्यात पुन्हा रोज वीस मिनिटेच. परीक्षेपूर्वी हात ताजा राहिला पाहिजे. सप्टेंबरच्या परीक्षेची तयारी पर्युषणाच्या सुमारास येते. उपवासाच्या दिवशी पूर्ण पेपर ठेवू नये. त्या दिवशीच्या आकड्यांवरून हाताची खरी स्थिती कळत नाही.

वरील मुलीने सातव्या आठवड्यातील दुसरा पेपर लिहिला, तेव्हा पहिल्या तासात मिनिटाला २२ आणि शेवटच्या तासात १९ शब्द पडले. आरंभीचा वेग फारसा वाढला नव्हता. घसरण थांबली होती, आणि तेवढ्याने पेपर पूर्ण झाला.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. वेग वाढविताना अक्षर बिघडू लागले, तर तेथेच थांबावे. आठवड्यातून एकदा आपले पान घरातील दुसऱ्या व्यक्तीस वाचावयास द्यावे. ती जेथे अडखळेल, तेथे परीक्षकही अडखळेल. वेग वाढेनासा झाला, तर शब्द कमी करावेत. प्रश्न पुन्हा उतरवून काढणे आणि लांबलचक प्रस्तावना ही दोन टाळली, तरी बराच वेळ वाचतो.

दुसरी मर्यादा शरीराची. लिहिल्यानंतर पुढच्या हाताचे स्नायू जड वाटणे स्वाभाविक आहे. रात्रीतून ते ओसरते. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखणे सकाळपर्यंत टिकले, तर दोन दिवस सराव बंद ठेवावा आणि पुन्हा आरंभ करताना वेळ निम्मा करावा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.